जेवण, लोहाची गोळी आणि चहा: दिवसाचं वेळापत्रक पायरीपायरीने कसं बसवायचं

गोळ्या वेळेवर घेते, पालेभाजी खाते, तरी हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. अशा बायकांना मी पहिला प्रश्न चहाबद्दल विचारते. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "जेवणासोबत नाही घेत हो, जेवण झाल्यावर घेते." चूक नेमकी तिथेच आहे. ताटाशेजारचा कप आणि हात धुतल्यावरचा कप यांत पोटाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो.

हा लेख वेळा बसवण्यासाठी आहे. चहा सोडा असं मी सांगणार नाही. पहाटे कापूस वेचायला निघालेल्या बाईला ते सांगून काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. कप पुढे-मागे सरकवायचे आहेत, पण ते योग्य क्रमाने सरकवले तरच उपयोग होतो.

## आधी समजून घ्या: पोटात नेमकं काय होतं

एक लोखंडी खिळा घ्या. जस्ताचा मुलामा असलेला किंवा स्टीलचा नको, साधा लोखंडी हवा. घासून स्वच्छ करा आणि रात्री काचेच्या पेल्यातल्या कडक कोऱ्या चहात टाकून ठेवा. सकाळी चहा शाईसारखा निळसर काळा झालेला दिसेल. ही उपमा नाही. जुनी पोथ्यांची शाई हिरडा किंवा मायफळाच्या काढ्यात हिराकस घालून करत, तीच क्रिया इथे झालेली असते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. लोहाच्या अनेक गोळ्यांमध्ये लोह याच रूपात असतं. म्हणजे गोळी चहाबरोबर घेतली की आपण पोटात थोडी शाईच तयार करतो.

हे होतं ते असं. चहाच्या पानात पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. बोलताना आपण त्यांना सरसकट टॅनिन म्हणतो. चहा तोंडाला तुरट लागतो तो यांच्यामुळेच. या रेणूंच्या कड्यांवर दोन किंवा तीन हात अगदी शेजारी शेजारी असतात आणि लोहाचा कण त्या हातांच्या चिमटीत अडकतो. एकाच कणाला दोन-तीन रेणू धरून बसले की मोठा, न विरघळणारा गठ्ठा तयार होतो.

हा गठ्ठा जठरात फारसा बनत नाही, कारण तिथली आंबटाई चिमटी सैल ठेवते. अन्न पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरतं, आंबटाई कमी होते आणि चिमटी घट्ट बसते. दुर्दैवाने शरीर लोह शोषतं तेही मुख्यतः याच जागी. तिथल्या पेशींना लोह सुटं आणि विरघळलेलं लागतं. गठ्ठ्यातलं लोह त्यांना उचलता येत नाही आणि ते शौचावाटे निघून जातं.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली म्हणजे चहा रक्तातलं किंवा साठ्यातलं लोह ओढून काढत नाही. तो फक्त त्याच वेळी आतड्यात असलेलं लोह अडवतो, म्हणूनच वेळ बदलली की प्रश्न सुटतो. दुसरी म्हणजे सगळं लोह सारखं अडकत नाही. मासळी आणि मटण यांतलं काही लोह एका वेष्टनात बंद असतं. त्याला ही चिमटी फारशी लागत नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी आणि गोळी यांतलं लोह मात्र उघडं असतं. शाकाहारी ताटातलं सगळंच लोह या दुसऱ्या प्रकारचं आहे.

इतर खनिजांचं काय, असंही विचारतात. जस्तही थोडं बांधलं जातं, पण लोहाइतकं घट्ट नाही. कॅल्शियमवर टॅनिनचा परिणाम किरकोळ आहे. म्हणून या लेखात लोहाचीच काळजी करू.

फरक किती पडतो? बंगळुरूत तरुण स्त्रियांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाताच्या जेवणाबरोबर कोऱ्या चहाचा १ कप दिल्यावर लोहाचं शोषण साधारण ५० ते ६० टक्क्यांनी घटलं. २ कपांनी ते दोन तृतीयांश घटलं. ज्यांच्या अंगात लोह आधीच कमी होतं, त्यांचंही घटलं.

## तयारी: तीन दिवसांची नोंद

लगेच काही बदलू नका. आधी ३ दिवस जसं चालतं तसं चालू द्या आणि एका कागदावर फक्त वेळा लिहा. पहिला घास किती वाजता, शेवटचा घास किती वाजता, चहाचा प्रत्येक कप केव्हा, गोळी केव्हा, सुपारी किंवा पान केव्हा. काय खाल्लं ते एका शब्दात पुरे.

हा टप्पा लोक टाळतात आणि मग चुकतात, कारण आठवणीतला चहा आणि प्रत्यक्षातला चहा वेगळा असतो. शेजारी "जेवण व्हयनं का?" विचारत आत येतात आणि आधण चढतं, तो कप कुणी मोजत नाही. मुलाने आईच्या बशीत पोळी बुडवून खाल्ली तर तोही चहाच, आणि तोही जेवणासोबत.

सुपारीकडे लक्ष द्या. सुपारी आणि पानातला कात दोन्ही टॅनिनने भरलेले असतात. 'कॅटेचिन' हे चहातल्या द्रव्यांचं नावच कातावरून आलेलं आहे. चहा लांब सरकवला आणि जेवणावर पान खाल्लं, तर हाती काही लागत नाही.

## पायरी १: दिवसातलं 'लोहाचं जेवण' ठरवा

तिन्ही वेळची जेवणं एकदम सांभाळायला गेलं की चार दिवसांत सगळं सुटतं. म्हणून नोंदीतून असं एक जेवण निवडा ज्यात लोह सगळ्यात जास्त आहे. ते आधी सांभाळायचं.

आपल्याकडे ते बहुधा भाकरीचं जेवण असतं. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६ मि.ग्रॅ. लोह असतं, ज्वारीत ४ च्या आसपास. मेथीसारखी पालेभाजी आणि उडदाची किंवा मठाची डाळ जोडीला आली की एका जेवणात ८ ते १० मि.ग्रॅ. सहज जातं. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरीही यात चांगली.

आता आकडा मांडून पाहू. अशा धान्याच्या जेवणातून शरीर एरवीच कमी लोह घेतं, कारण धान्यातलं फायटेटही लोह धरून ठेवतं. १०० तले ५ भाग मिळाले असं धरू. १० मि.ग्रॅ.मधून ०.५ मि.ग्रॅ. आत गेलं. जेवणावर चहा झाला की त्याचं ०.२५ उरलं. शरीराची रोजची झीज सुमारे १ मि.ग्रॅ. असते आणि पाळी येणाऱ्या वयात सरासरी त्याहून जास्त. दिवसात अशी दोन जेवणं चहासकट झाली तर दिवसाचा हिशोब तुटीतच राहतो. तूट रोज थोडी असते, म्हणून ती कळायला महिने लागतात.

इथे होणारी चूक: वांगं चिरल्यावर काळं पडतं, म्हणून त्यात लोह भरपूर, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. भरीत मलाही जिवापाड आवडतं, पण वांग्यातलं लोह थोडंसंच आहे. काळं पडतं ते त्यातली पॉलिफेनॉल हवेशी भिडतात म्हणून. भरिताच्या दिवशी लोह मोजायचं ते सोबतच्या कळण्याच्या भाकरीचं.

## पायरी २: त्या जेवणाभोवती बिनचहाची वेळ आखा

जेवणाच्या पहिल्या घासाआधी १ तास आणि शेवटच्या घासानंतर २ तास चहा-कॉफी नाही. एवढाच नियम आहे. आधीचं आणि नंतरचं अंतर वेगळं का, हे कळलं की तो विसरला जात नाही.

चहा पातळ असतो. रिकाम्या पोटी घेतला तर तो लवकर पुढे सरकतो आणि तासाभराने जेवण उतरेल तेव्हा त्यातला फारसा मागे उरलेला नसतो. भाकरी-भाजीचं जेवण मात्र जठरात बराच वेळ थांबतं आणि दोन ते चार तास थोडं थोडं खाली उतरत राहतं. जेवून अर्ध्या तासाने चहा घेतला, तर तो अजून जठरातच असलेल्या जेवणात मिसळतो आणि दोघं मिळून खाली उतरतात.

मोजणीही हेच सांगते. कॉफीवरच्या एका अमेरिकी प्रयोगात जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने शोषण घटलं नाही, पण जेवणानंतर तासाने घेतलेल्या कॉफीने ते जेवणासोबतच्या कॉफीइतकंच घटलं. चहावरच्या नंतरच्या एका ब्रिटिश प्रयोगात तासाभराच्या अंतराने नुकसान साधारण निम्म्यावर आलं, पूर्ण थांबलं नाही. म्हणून मी दोन तास सांगते. ज्यांना दोन तास जमतच नाहीत त्यांनी दीड तास धरावा, पण 'जेवून उठले आणि भांडी घासून झाली की' याला अंतर म्हणू नये.

तपासून घ्या: घड्याळ शेवटच्या घासापासून लावायचं, ताट वाढल्यापासून नाही. आणि मधे तोंडात टाकलेली चकली, चिवडा जेवणात धरायची गरज नाही. नियम लोहाच्या जेवणापुरता आहे.

## पायरी ३: कप सरकवा, याच क्रमाने

आधी दुपारचा कप, मग रात्रीचा, शेवटी सकाळचा. मी हा क्रम ठरवला तो सोपेपणावरून. दुपारचा चहा लोकांना वेळेचा हवा असतो, जेवणाचा नव्हे. शेतात शिदोरी साडेअकरा-बाराला सोडली जाते आणि लगेच थर्मासचं झाकण निघतं. तोच थर्मास अडीचला उघडा. उन्हाने अंग जड होतं तेव्हा त्याची खरी गरजही असते. फक्त सोबतच्या सगळ्या बायकांनी एकत्र ठरवा, कारण एकीने कप हातात घेतला की बाकीच्यांचा निश्चय टिकत नाही.

रात्रीचा जेवणानंतरचा कप पूर्ण काढून टाका. तो सरकवायला जागाच नसते. संध्याकाळी घरी आल्यावर पाच-साडेपाचला चहा-टोस्ट झाला आणि जेवण साडेसात-आठला असेल, तर तो कप जागेवर राहू द्या. टोस्टमधलं लोह इतकं थोडं की त्याचं नुकसान होऊन फारसं काही जात नाही.

सकाळ सगळ्यात अवघड. चहा-पोळी, चहा-भाकरी ही अनेक घरांत न्याहारीच आहे. इथे चहा आणि पोळी वेगळी करायची. उठल्यावर चहा एकटा घ्या, झाडलोट, पाणी, स्वयंपाक उरका आणि तासाभराने पोळी भाजीबरोबर खा. कुणाला रिकाम्या पोटी चहाने जळजळत असेल तर चहाबरोबर एखादं बिस्किट किंवा केळं घ्या. केळ्यात लोह नगण्य आहे, म्हणून आपल्या रावेर-यावलचं केळं या जागी अगदी योग्य.

मुलांचं वेगळं सांगते. शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला सकाळची पोळी चहात बुडवून देऊ नका. त्याच्या दिवसाच्या लोहाचा मोठा भाग त्या पोळीत असू शकतो. ज्या दिवशी शाळेत लोहाची गोळी देतात, त्या दिवशी तर मुलाचा चहा संध्याकाळपर्यंत नकोच.

'माझा चहा वेगळा आहे' या समजुतींबद्दल. दूध घातल्याने टॅनिन निष्प्रभ होत नाही. मोजलेल्या प्रयोगात दुधाने फारसा फरक पडलेला नाही. गुळाच्या चहाने रक्त वाढतं असं बाळंतिणीला सांगतात. गुळात जे थोडं लोह असतं तेही त्याच कपातल्या टॅनिनशी आधी गाठ बांधतं. आलं, वेलदोडा घातल्याने यात फरक नाही. ग्रीन टी हा पण चहाच आहे. पुदिन्याच्या काढ्यातही पॉलिफेनॉल भरपूर असतात, तेव्हा तोही जेवणाबरोबर नको. कपात पावडर जास्त आणि उकळणं लांब, तितकं टॅनिन जास्त उतरतं. म्हणून बारीक भुकटीचा, दोनदा उकळलेला चहा सर्वांत वाईट. एकाच भुकटीवर दिवसभर पाणी-दूध वाढवत जायची सवय असेल तर ती आधी मोडा.

## पायरी ४: रिकाम्या जागी सी जीवनसत्त्व ठेवा

चहा काढला की लोहाची वाट मोकळी होते. सी जीवनसत्त्वाने ती आणखी रुंद होते. ते लोहाला विरघळलेल्या, पेशींना उचलता येईल अशा रूपात ठेवतं. मघाच्या शाईच्या पेल्यात लिंबू पिळून बघा, काळा रंग फिका पडताना दिसेल. (तो पेला ओतून द्या, पिऊ नका.)

पण प्रमाण महत्त्वाचं आहे, आणि इथे बहुतेक सगळे चुकतात. 'ताटात लिंबाची फोड असते की!' असं म्हणतात. आपल्या लहान कागदी लिंबाच्या अख्ख्या रसात जेमतेम ८-१० मि.ग्रॅ. सी असतं. फोडीत त्याच्या चौथाई. उपयोग दिसावा यासाठी एका जेवणात साधारण २५ ते ५० मि.ग्रॅ. हवं. एका मध्यम पेरूत त्याच्या कितीतरी पट जास्त असतं, अर्धा पेरूही पुरतो. कच्च्या कोबीची कोशिंबीर किंवा ताजी हिरवी मिरची चावून खाल्ली तरी बरंच मिळतं. मिरची भाजून ठेचा केला की सी-चा भाग कमी होतो, म्हणून ठेच्यावर सगळा भरवसा नको. आवळ्यात सी खूप, पण टॅनिनही आहे. त्यामुळे पेरूचा हंगाम असताना मी पेरूच सांगते.

क्रम असा: फळ जेवणाबरोबर किंवा लगेच शेवटी. संध्याकाळी चारला वेगळा खाल्लेला पेरू पौष्टिक असतोच, पण दुपारच्या भाकरीतल्या लोहाला तो मदत करत नाही. आणि लिंबू भाजी गॅसवरून उतरवल्यावर पिळा.

ताकाबद्दल: जेवणात वाटीभर ताक चालतं. ग्लासभर दूध मात्र लोहाच्या जेवणाबरोबर टाळा, कॅल्शियमही शोषणाला आडवं येतं. लोखंडी कढईत अंबाडी, टोमॅटो किंवा चिंच घातलेली भाजी करत असाल तर तिच्यात कढईचं थोडं लोह उतरतं, ते कमवायचा हा स्वस्त मार्ग आहे. तिच्यावर चहा घेऊ नका एवढंच.

## पायरी ५: गोळीची वेळ वेगळी ठेवा

जेवणातून मिळणारं लोह मि.ग्रॅ.च्या अंशांत असतं. गरोदरपणातल्या गोळीत ६० मि.ग्रॅ. असतं. म्हणून चहाने गोळी वाया जाणं हे जास्त मोठं नुकसान आहे.

गोळी साध्या पाण्याबरोबर, शेवटच्या चहापासून २ तास दूर आणि पुढच्या चहाआधी १ तास तरी. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर आणि लोहाची त्यापासून किमान २ तास लांब. दोन्ही गोळ्या एकदम गिळून मोकळं होणं ही आमच्याकडे दिसणारी सगळ्यात जास्त चूक. ॲसिडिटीची गोळी घेत असाल तर तीही लोहाजवळ नको, डॉक्टरांना विचारून वेळ ठरवा.

गोळीने मळमळलं तर दुसऱ्या दिवशी ती चहाबरोबर घेऊन 'तोंड बदलू' नका. झोपायच्या वेळी घ्या, बऱ्याच जणींना तसं सोसतं. नाहीच सोसली तर बदलून मागा. चुकलेल्या दिवसाची गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. पाकीट लहान मुलाच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. बऱ्याच गोळ्या एकदम गेल्या तर जीवावर बेततं.

थांबा, आधी हे: हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असं नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. घरात कुणाला ते असेल, सांधे-हाडं वारंवार दुखत असतील किंवा डोळे पिवळे पडत असतील, तर लोह सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या.

## एक दिवस, आधीचा आणि नंतरचा

तापीकाठच्या एका गावातली बाई, वय २६, पाचवा महिना, हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी लोहाच्या २ गोळ्या दिलेल्या, ती घेतही होती. महिन्याने पुन्हा मोजलं तर ९.५. नोंद मागितली तेव्हा दिवस असा निघाला:

पहाटे ५:३० ला चहा-पोळी आणि त्याच चहाच्या घोटाबरोबर पहिली गोळी. १२ ला शेतात भाकरी, मेथी, ठेचा आणि १२:३० ला थर्मासचा चहा. ५:३० ला घरी चहा-टोस्ट. रात्री ८ ला डाळ-भाकरी, त्यावर दुसरी गोळी आणि कॅल्शियम एकदम. ८:३० ला सासूबाईंसोबत कप.

पाहा, दिवसातली एकही भाकरी आणि एकही लोहाची गोळी मोकळी नव्हती. पहिली गोळी थेट चहात, दुसरी कॅल्शियमबरोबर आणि वरून अर्ध्या तासात चहा.

नवा दिवस आम्ही असा बसवला. ५:१५ ला चहा, एकटा. ६:३० ला पोळी-भाजी आणि कॅल्शियम. या जेवणातलं थोडं लोह कॅल्शियमपायी जाईल हे मान्य केलं, कारण ते दिवसातलं सगळ्यात हलकं जेवण होतं. ९ ला वावरात पाण्याबरोबर पहिली गोळी. १२ ला शिदोरी, सोबत एक पेरू, हेच ठरवलेलं लोहाचं जेवण. १२:३० ला जेवण संपलं की थर्मास बंद, २:३० ला उघडायचा. ५:३० चा चहा-टोस्ट जागेवर. ७:३० ला जेवण. ९:४५ ला, झोपताना, दुसरी गोळी. रात्रीचा कप बंद.

चहाचे चार कप होते, तीन राहिले. अडचण आली ती एकाच ठिकाणी: ९ ची गोळी विसरायची. तिने गोळी ओढणीच्या टोकाला बांधायला सुरुवात केली आणि पाण्याचा पहिला तांब्या तोंडाला लावताना गाठ सोडायची. ४ आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.६ होतं. यातलं किती चहाचं अंतर वाढवल्याने आणि किती कॅल्शियम वेगळं केल्याने झालं, हे वेगळं काढता येणार नाही. गोळ्यांची संख्या मात्र आधी होती तेवढीच होती.

## पायरी ६: ४ आठवड्यांनी मोजा, अंदाजावर जाऊ नका

गोळ्या चालू असतील तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढायला हवं. केवळ जेवण-चहाच्या वेळा बदलल्या असतील, गोळी नसेल, तर वाढ फार हळू होते. तेव्हा तीन महिन्यांनी मोजा आणि शक्य असेल तर फेरिटिनही बघा. फेरिटिन म्हणजे साठा. ताप किंवा दुसरा आजार असताना ते खोटं जास्त दिसतं, म्हणून बरं झाल्यावर तपासा.

शौचाचा रंग काळा झाला म्हणजे गोळी 'लागली', असं समजू नका. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो. चहाबरोबर घेतलेल्या गोळीनेही शौच काळंच होणार. डांबरासारखं चिकट, दुर्गंधी काळं शौच मात्र वेगळं. ते पोटातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

ज्यांचं हिमोग्लोबिन चांगलं आहे, पाळी थांबलेली आहे, किंवा जे पुरुष मासळी-मटण नियमित खातात, त्यांनी हे सगळं काटेकोर पाळायची गरज नाही. हा उपद्व्याप गरोदर बायका, पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुली, लहान मुलं आणि ज्यांचा रिपोर्ट आधीच कमी आला आहे त्यांच्यासाठी आहे.

आणि ४ आठवडे वेळा खरोखर पाळल्या, गोळ्याही चुकल्या नाहीत, तरी आकडा हलला नाही, तर पुन्हा चहाकडे बोट दाखवू नका. तेव्हा नोंदीचा कागद डॉक्टरांसमोर ठेवा आणि पाळीतला रक्तस्राव, जंत, बी-१२ ची कमतरता आणि सिकलसेल या चार गोष्टी तपासायला सांगा.